रानअळंबी आणि फोटोत न उतरणारी लक्षणे

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात आणि गोव्यात रस्त्याच्या कडेला पानांत गुंडाळलेली अळंबी विकायला येऊ लागते. त्याच दिवसांत फोनवर फोटोही फिरू लागतात. आंब्याच्या बागेत किंवा शाळेच्या मैदानात पावसानंतर उगवलेली पांढरी छत्री, आणि खाली एकच प्रश्न: ही खायची का? विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि उत्तर देणाऱ्याचाही. तरीही या प्रश्नाला फोटोवरून ‘हो’ असे उत्तर देता येत नाही. फोटो धूसर असतो किंवा पाहणाऱ्याचे ज्ञान तोकडे असते, एवढेच त्याचे कारण नाही. खाण्याजोगी आणि विषारी अळंबी ज्या खुणांवरून वेगळी करायची, त्यांतल्या निर्णायक खुणा जमिनीखाली असतात, काही तासांनी प्रकट होतात किंवा हाताला कळतात. कॅमेरा कितीही चांगला असला तरी त्या त्याच्या आवाक्याबाहेर राहतात.

आधी एक मूळ गैरसमज दूर करायला हवा. विषारीपणा हे डोळ्यांना दिसणारे लक्षण नाही. भडक रंग म्हणजे विष आणि पांढरा रंग म्हणजे निर्धोक, असा नियम निसर्गात नाही. अमानिटा या प्रजातीतल्या काही केशरी, डोळ्यांत भरणाऱ्या जाती ईशान्य भारतात आणि हिमालयात आवडीने खाल्ल्या जातात, आणि त्याच प्रजातीतल्या फिकट हिरवट किंवा शुभ्र पांढऱ्या जाती माणसाचा जीव घेतात. किड्यांनी कुरतडलेली अळंबी चालते, शिजवताना चांदीचे नाणे काळे पडले नाही तर ती चालते, हे आडाखेही तितकेच निराधार आहेत. गोगलगायी विषारी अमानिटा खुशाल खातात, आणि तिच्यातल्या विषाचा चांदीवर काहीही परिणाम होत नाही. म्हणून खरा मार्ग एकच उरतो. आधी अळंबीची जात निश्चित करायची आणि मग त्या जातीबद्दल पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवातून व वैद्यकीय नोंदींतून काय ठाऊक आहे ते पाहायचे. ‘खाण्याजोगी’ हा शब्द जातीला लागतो, फोटोतल्या रूपाला लागत नाही.

आता एक फोटो घेऊ आणि त्याची शेवटपर्यंत छाननी करू. समजा, सिंधुदुर्गातल्या एका बागेतून तो आला आहे. गवतात तीन छत्र्या उभ्या आहेत. टोप्या पांढऱ्या, मध्यभाग तपकिरी, एकीची कड थोडी फाटलेली. फोटो वरून, उभ्याने काढलेला. पाठवणाऱ्याने लिहिले आहे की बाजूलाच वाळवीचे वारूळ आहे, म्हणजे ही वारुळावरचीच अळंबी असणार.

हा तर्क कुठून येतो ते समजून घेतले पाहिजे, कारण त्याचा अर्धा भाग खरा आहे. आपल्याकडची सर्वांत चविष्ट रानअळंबी टर्मिटोमायसिस या प्रजातीतली. ही बुरशी वाळवीच्या आधाराने जगते. वाळवी वारुळाच्या आत चावलेल्या पालापाचोळ्याचे स्पंजासारखे पोळे रचते आणि त्यावर ही बुरशी वाढते. पावसाळ्यात त्या पोळ्यातून कोंब निघून माती फोडत वर येतो आणि त्याची छत्री होते. टोपीच्या मध्यावर एक कठीण, टोकदार उंचवटा असतो, तो माती भेदायच्या कामाचा. आजवर कोणालाही ही अळंबी शेतात पिकवता आलेली नाही, म्हणून ती रानातूनच आणावी लागते आणि म्हणूनच तिची ओळख इतकी महत्त्वाची ठरते.

फोटोत मात्र दुसरीही एक अळंबी असू शकते. तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. उष्ण प्रदेशांत जगभर, भारतातही, पावसानंतर गवताळ जागी, बागांत आणि मैदानांत ती उगवते. टोपी पांढरी, दहा सेंटिमीटरपासून कधी तीस सेंटिमीटरपर्यंत पसरणारी, मध्ये तपकिरी चकती आणि तिच्याभोवती विखुरलेले तपकिरी खवले. ती खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस बहुधा त्यातून सावरतो, पण लहान मुलाच्या अंगातले पाणी इतक्या झपाट्याने कमी होते की त्याला रुग्णालयात न्यावेच लागते. अमेरिकेत अळंबीमुळे होणाऱ्या विषबाधेच्या नोंदींत हीच वारंवार येते. त्याचे कारण तिचे रूप आहे. ती मोठी, स्वच्छ आणि खायला बोलावते अशी दिसते.

वरून काढलेल्या फोटोत या दोघींत काय फरक दिसेल? खवले दिसायला हवेत, असे वाटते. पण ते टोपीवर सैल बसलेले असतात. जोराची सर आली की धुऊन जातात आणि मागे उरते पांढरी टोपी आणि तपकिरी मध्यभाग. नेमके हेच वर्णन वारुळावरच्या अळंबीच्या काही जातींनाही लागू पडते. मध्यावरचा टोकदार उंचवटा वरून घेतलेल्या फोटोत सपाट भासतो. आकारावरूनही काही कळत नाही, कारण शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवलेली नसते. आणि ज्या रंगावर आपला एवढा भरवसा असतो, तो रंग फोनने स्वतःच्या हिशोबाने बदललेला असतो. ढगाळ सकाळी, हिरव्या गवताच्या पार्श्वभूमीवर, पांढऱ्यावर निळसर किंवा पिवळसर झाक येते. हिरवटपणाची हलकी छटा ओळखायची असताना ही गोष्ट फार महागात पडते.

हिरवट छटा महत्त्वाची का, ते पाहू. अळंबीच्या टोपीखाली पातळ उभ्या पात्यांची रांग असते. त्या पात्यांवर बीजाणू तयार होतात. क्लोरोफायलमचे बीजाणू मळकट हिरवे असतात. मोठ्या छत्र्यांमध्ये हिरव्या बीजाणूंचा हा गुण फारच दुर्मीळ आहे, म्हणून तो तिची जवळजवळ हमखास खूण ठरतो. पण बीजाणू पिकेपर्यंत पाती पांढरीशुभ्र असतात. छत्री उघडून फार वेळ झाला नसेल तर खालून काढलेल्या फोटोतही फक्त पांढरी पाती दिसतील. आणि लोक कोवळी अळंबीच खुडतात, कारण तीच चवीला चांगली. जे लक्षण जीव वाचवू शकते ते नेमके त्या वयात दिसत नाही. फोटो एका क्षणाचा असतो आणि हे लक्षण कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, उमटते.

त्यावर जुना आणि साधा उपाय आहे तो बीजाणूंचा ठसा घेण्याचा. पूर्ण उघडलेली टोपी देठापासून कापून वेगळी करायची आणि पाती खाली येतील अशी कागदावर ठेवायची. कागद अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असावा, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसतच नाहीत. वर वाटी पालथी घालायची, म्हणजे वारा लागत नाही आणि ओल टिकते. चार-सहा तासांत, किंवा रात्रभर ठेवल्यास नक्की, कागदावर पात्यांच्या रेषांची नक्षी उमटते. ती दिवसाच्या उजेडात पाहायची, दिव्याखाली नाही. मळकट हिरवी उमटली तर विषय संपला, ती फेकून द्यायची. वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी किंवा गुलाबीसर मलईसारखा येतो. अमानिटाचा पांढरा येतो. ताजा ठसाच वाचावा, कारण कागद बरेच दिवस ठेवला की हिरवा रंग फिका पडून तपकिरीकडे झुकतो.

ठशालाही मर्यादा आहेत, आणि त्या लक्षात घेतल्या नाहीत तर ठसाही फसवतो. अगदी कोवळी, न उघडलेली छत्री ठसा देतच नाही. रात्रभर पावसात भिजलेली छत्री कधी इतका विरळ ठसा देते की रंग ठरवता येत नाही. आणि पांढरा ठसा आला म्हणून काहीच सिद्ध होत नाही, कारण अनेक खाण्याजोग्या अळंब्यांचा ठसाही पांढराच असतो. ठसा काही शक्यता बाद करतो, जातीवर शिक्कामोर्तब करत नाही.

आता पाठवणाऱ्याच्या वारुळाकडे येऊ. ‘वारुळाजवळ आहे’ आणि ‘वारुळातून आली आहे’ यांत मोठे अंतर आहे. वारुळाशेजारच्या गवतात क्लोरोफायलम उगवायला काहीच आडकाठी नाही. उलट, वाळवीचे पोळे पूर्णपणे जमिनीखाली असेल तर वर वारूळ न दिसताही खरी टर्मिटोमायसिस सपाट जमिनीतून वर येते. म्हणून खूण शोधायची ती खाली. टर्मिटोमायसिसचा देठ जमिनीशी संपत नाही. तो मुळासारखा निमुळता होत खाली जातो, कधी हातभर, कधी त्याहूनही खोल, आणि वाळवीच्या पोळ्याला जाऊन मिळतो. क्लोरोफायलमचा देठ बुडाशी किंचित फुगून तिथेच संपतो. त्याला असे मूळ नसते.

ही एक गोष्ट प्रत्यक्ष करून पाहण्यासारखी आहे. बहुतेक लोक अळंबी चिमटीत धरून उपटतात किंवा विळीने जमिनीलगत कापतात. दोन्ही पद्धतींत बूड मातीतच राहते. त्याऐवजी देठापासून चार बोटे दूर खुरपे घालून माती सैल करायची, मग बोटांनी देठाच्या कडेने खाली चाचपत जायचे. टर्मिटोमायसिस असेल तर बोटांना चिवट, थंड, दोरीसारखे मूळ लागते आणि ते जमिनीत खोल खोल जात राहते. मध्येच तुटले तर तुटलेले टोक निमुळते दिसते, फुगीर नाही. अळंबी वेचणाऱ्या जाणत्या बायाबापड्या हे न बोलता करतात. त्यांना जागाही ठाऊक असते. यंदा जिथे अळंबी उगवली तिथेच पुढच्या वर्षी त्याच सुमारास ती पुन्हा उगवते, कारण खालचे पोळे टिकून असते. हे ज्ञान जागेशी, मोसमाशी आणि हाताशी बांधलेले आहे. त्यातला ‘ही अळंबी अशी दिसते’ एवढाच तुकडा वेगळा काढून फोटोवर लावला की त्याचा कस जातो.

देठावरच्या कड्याबद्दल एवढेच सांगतो. क्लोरोफायलमच्या देठावर जाडसर कडे असते आणि ते बोटांनी वर-खाली सरकते. हे सरकणे फोटोत दिसत नाही. युरोपात मात्र अशाच सरकत्या कड्यावरून एक मोठी खाण्याजोगी छत्री ओळखायची रीत आहे. म्हणजे एकच खूण एका खंडात भरवशाची आणि दुसऱ्या खंडात घातकी ठरते. आणि कडे दिसले म्हणून ती टर्मिटोमायसिस नव्हेच, असेही म्हणता येत नाही, कारण तिच्याही काही जातींना कडे असते.

इथवरच्या उदाहरणात चुकीची किंमत एका वाईट रात्रीपुरती होती. अमानिटाच्या बाबतीत ती जिवावर बेतते. एप्रिल 2022 मध्ये वरच्या आसामात रानटी अळंबी खाऊन काही दिवसांतच 13 जणांचा मृत्यू झाला. त्यांतले बहुतेक चहामळ्यांतले होते, आणि उपचार दिब्रुगडच्या आसाम वैद्यकीय महाविद्यालयात चालले होते. परदेशातही हाच घोटाळा वेगळ्या रूपात घडतो, आणि कॅलिफोर्निया, मेलबर्न किंवा कॅनबेरा इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तो नीट समजून घ्यावा. आशियात भाताच्या पेंढ्यावर वाढणारी व्होल्व्हेरिएला ही अळंबी अनेक देशांत रोजच्या जेवणात असते, ओडिशात तिची लागवडही होते. कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियात ओकच्या झाडाखाली उगवणारी अमानिटा फॅलॉइडिस तिच्यासारखी दिसते. आग्नेय आशियातून तिकडे गेलेल्या लोकांनी तिला घरची ओळखीची अळंबी समजून खाल्ल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. कॅनबेरात 2011 च्या शेवटच्या रात्री एका उपाहारगृहातल्या कर्मचाऱ्यांनी ती अशाच समजुतीने जेवणात वापरली आणि दोघे दगावले.

या दोघी कोवळेपणी अंड्यासारख्या असतात. अंडे उभे चिरले तर दोन्हींत आत छत्रीची चिमुकली रूपरेषा दिसते आणि दोन्हींची पाती तेव्हा पांढरीच असतात. मोठ्या झाल्यावर दोन्हींच्या बुडाशी फाटक्या पिशवीसारखी वाटी उरते. फरक एवढाच की व्होल्व्हेरिएलाच्या देठावर कडे नसते आणि तिची पाती पिकल्यावर गुलाबी होतात, अमानिटाची पांढरी राहतात. पण अमानिटाचे कडे पातळ असते आणि पावसात गळून पडते. जमिनीलगत कापली तर वाटी मातीत राहते. स्वच्छ धुऊन, ताटात मांडून काढलेल्या फोटोत मग ना वाटी, ना कडे, ना ओकचे झाड. दोघींना वेगळे ओळखण्याच्या ज्या काही खुणा होत्या, त्यांतल्या बहुतेक घरी येईपर्यंतच गळून गेलेल्या असतात. एक खूण मात्र रानातच राहते. व्होल्व्हेरिएला पेंढ्यावर किंवा कुजत्या पालापाचोळ्यावर वाढते, तर अमानिटा फॅलॉइडिस जिवंत झाडाच्या मुळांशी जोडलेली असते. पायाखाली काय होते, हे वेचणाऱ्याला आठवत असते, फोटोला नाही.

तिच्या विषाचा घात तर आणखी फसवा असतो. अमानिटातले अमाटॉक्सिन शिजवल्याने, वाळवल्याने किंवा गोठवल्याने जात नाही. एका मध्यम छत्रीत प्रौढ माणसाला मारण्याइतके ते असू शकते. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, काहीच होत नाही. मग पटकीसारखे उलट्या-जुलाब सुरू होतात. त्यानंतर एक-दोन दिवस माणसाला बरे वाटते आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात, पण त्याच वेळी यकृताच्या पेशी मरत असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत निकामी होते.

मग फोटोचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण एकाच दिशेने. फोटो नकार देऊ शकतो, होकार देऊ शकत नाही. पाती हिरवट दिसली, बुडाशी वाटी दिसली, तर जाणकार एका नजरेत ‘हात लावू नका’ असे सांगेल, आणि ते उत्तर बरोबर असेल. पण ही लक्षणे दिसली नाहीत, म्हणून ती नाहीतच असे म्हणता येत नाही. फोटोवरून अळंबी ओळखणाऱ्या मोबाइल ॲपांचीही हीच अडचण आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या विषमाहिती केंद्राकडे आलेल्या 78 नमुन्यांवर अशी तीन ॲप तपासली गेली, तेव्हा त्यांतले सर्वांत चांगले ॲपही सुमारे निम्म्याच वेळा बरोबर ठरले. ॲप चुकले तरी पडद्यावर नाव ठामच उमटते, आणि धोका तिथे आहे.

म्हणून बागेतल्या त्या तीन छत्र्यांबद्दल पाठवणाऱ्याला उत्तर असे द्यावे लागते: यातली कोणतीच खाऊ नका. ओळख करून घ्यायची हौस असेल तर एक छत्री बुडासकट, मुळासकट खोदून काढा, ती कुठल्या जमिनीत, कुठल्या झाडाखाली होती ते लिहून ठेवा, कोवळी आणि जून अशा दोन्ही घ्या, एकीची उभी चीर करा, टोपी रात्रभर कागदावर ठेवा, आणि हे सगळे घेऊन दरवर्षी त्याच भागात अळंबी वेचणाऱ्या जाणत्या माणसाकडे जा. एवढे केल्यावरही तिने किंवा त्याने नकारार्थी मान हलवली, तर ते उत्तर अंतिम माना.

आणि कोणी खाल्लीच असेल तर दोन गोष्टी विसरू नका. खाल्ल्याची वेळ आणि पहिली उलटी होण्याची वेळ, दोन्ही डॉक्टरांना सांगा. सहा तासांनंतर सुरू झालेल्या उलट्या अधिक घातक विषाकडे बोट दाखवतात. पण लवकर उलट्या झाल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. एकाच टोपलीत दोन जातींची अळंबी असेल, तर पहिली तीन तासांत त्रास देऊन थांबते आणि दुसरी तोवर शांतपणे काम करत असते. उरलेली अळंबी, भाजी शिजवली असेल तर तिचा उरलेला भाग, आणि सोलून टाकलेले देठ-बुडखे कागदात गुंडाळून सोबत न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती काही तासांत सडून ओळखण्यापलीकडे जाते. रुग्णालयात तज्ज्ञाला पाठवायला त्यांचे फोटोही काढा, वरून, खालून, बाजूने आणि शेजारी पट्टी ठेवून, पण फोटो काढला म्हणून नमुना टाकून देऊ नका.